अमेरिकेहून आणलेला टीव्ही गोव्यात लावला आणि एकही चॅनल दिसेना, असं का होतं

माझी मामेबहीण नऊ वर्षं न्यू जर्सीत राहून यंदा पावसात कायमची घरी आली, बांदोड्याला. सामान कंटेनरमधून आलं, त्यात पन्नास इंची टीव्ही. चवथ आठ दिवसांवर, घरात रंगकाम चालू, आणि तिचा मला फोन, "दादा, टीव्ही बोटीत बिघडला वाटतं रे, सर्च केलं की शून्य चॅनल दाखवतो, तीनदा केलं." मी फोंड्याला टीव्ही आणि डिशचंच काम करतो, त्यामुळे असे फोन मला नवीन नाहीत. मी तिला एकच विचारलं, की मेनू दिसतो का आणि वायफाय जोडल्यावर यूट्यूब चालतं का. म्हणाली, हो, दोन्ही मस्त चालतं. मग टीव्ही बिघडलेला नाही, मी सांगितलं, तू आता आणखी काही लावू नको, मी संध्याकाळी येतो.

हे नीट सांगावंसं वाटतं कारण गोव्यात घरटी कोणी ना कोणी बाहेर असतो, कोणी आखातात, कोणी लंडनला, कोणी पोर्तुगालात, कोणी बोटीवर, आणि परत येताना टीव्ही घेऊन येतात, मग इथे तो चालत नाही म्हणून कोणी भंगारात देतं, कोणी दुकानदाराचं ऐकून उगाच बोर्ड बदलायला तयार होतं. आणि दहातल्या नऊ वेळा त्या टीव्हीला काहीही झालेलं नसतं.

पहिली गोष्ट ही समजून घ्या की आपण ज्याला टीव्ही म्हणतो त्या एका डब्यात खरं तर दोन वेगळी यंत्रं आहेत. एक म्हणजे पडदा आणि त्याला चित्र पुरवणारा बोर्ड. दुसरं म्हणजे ट्यूनर, बोर्डावरचा पत्र्याच्या डबीत बसवलेला किंवा हल्ली नुसत्या एका चिपमध्ये मावलेला छोटासा भाग. मागे जिथे अँटेनाची किंवा केबलची वायर लागते ती जागा त्या ट्यूनरची. चॅनल शोधणं, निवडणं आणि सिग्नलमधून चित्र-आवाज सोडवून काढणं हे फक्त तो करतो. पडद्याला देश नसतो, जगात कुठेही त्याला चित्र दिलं की तो दाखवतो. ट्यूनरला मात्र देश असतो. बहिणीच्या टीव्हीत मेनू दिसत होता, यूट्यूब चालत होतं, म्हणजे पडदा ठीक, बोर्ड ठीक, आणि जे काही अडलं होतं ते त्या एका भागाशी.

आता ट्यूनरला देश का असतो. कोकणीचंच बघा. नागरीत लिहिलेली कोकणी तीच रोमीत लिहिली की ज्याला नुसती नागरी येते त्याला एक ओळ वाचता येत नाही, भाषा त्याच्या घरची असली तरी. टीव्हीच्या सिग्नलचं अगदी तसंच आहे. आत चित्रं आणि आवाजच आहेत, पण ते तारेवर किंवा हवेत कुठल्या पद्धतीने लिहायचे हे देशादेशांनी वेगवेगळं ठरवलं. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरिया यांनी एटीएससी घेतलं. युरोप, आखात आणि आपण भारत डीव्हीबी नावाच्या घराण्यातले. जपानचं आयएसडीबी, आणि ब्राझीलसकट दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांनी तेच उचललं. चीनचं पुन्हा वेगळंच.

फरक किती खोल आहे बघा. अमेरिकेत हवेतल्या एका चॅनलला ६ मेगाहर्ट्झ रुंदीची वाट दिलेली आहे, आपल्याकडे आणि युरोपात ती ७ किंवा ८ मेगाहर्ट्झ. म्हणजे पहिल्यांदा वाटच वेगळ्या मापाची. मग त्या वाटेवरून माहिती न्यायची रीत वेगळी. एटीएससीत एकच लहर असते आणि ती आठ पायऱ्यांमध्ये वर-खाली होत सेकंदाला एक कोटीहून जास्त वेळा बदलते, म्हणजे एकच माणूस अतिशय भरभर बोलतोय असं समजा. डीव्हीबीच्या हवेतल्या पद्धतीत त्याच रुंदीत हजारो बारीक बारीक लहरी शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येक लहर सावकाश आपला थोडासा वाटा सांगते, हजारो माणसं एकाच वेळी एकेक शब्द हळू बोलतायत असं. एकाचं भरभर बोलणं पकडायला बनवलेला कान त्या हजारोंच्या आवाजात काहीच पकडू शकत नाही, त्याला तो नुसता गोंगाट वाटतो. आणि ट्यूनरला गोंगाट ऐकू आला की तो स्क्रीनवर एकच गोष्ट लिहितो, शून्य चॅनल. तो खोटं सांगत नाही हो, त्याच्या लिपीतलं खरंच काही नसतं तिथे.

मी संध्याकाळी गेलो तर भावोजींनी टीव्हीच्या मागे डिशची वायर थेट लावलेली होती, गच्चीवरून आलेली. ते म्हणाले, "बघ, किती फिट बसलीय, आटे पण जुळले." आणि हे मला इथे जरा थांबून सांगायचंय कारण याच्यात भलेभले फसतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टीव्हीला अँटेनाची जागा सहसा नुसती आत ढकलायची असते, आणि डिशच्या वायरीच्या टोकाला आटे असलेला पितळी कनेक्टर असतो, ज्याला एफ कनेक्टर म्हणतात, तो सेट टॉप बॉक्सच्या मागे फिरवून घट्ट करतात. अमेरिकन टीव्हीला नेमकी ती आट्यांचीच जागा असते. त्यामुळे आपली डिशची वायर अमेरिकन टीव्हीला इतकी सुंदर बसते की माणसाला वाटतं ती त्याच्यासाठीच केलीय. पण कनेक्टर जुळला म्हणजे सिग्नल जुळला असं नाही. डिशच्या पुढे जो छोटा ठोकळा असतो, एलएनबी, त्याला चालायला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट वीज पाठवावी लागते, ती बॉक्स पाठवतो, हा टीव्ही पाठवत नाही. म्हणजे गच्चीवरचा एलएनबी मुळात झोपलेलाच होता. आणि समजा जागा असता तरी त्याच्याकडून येणारा सिग्नल साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, अमेरिकन टीव्हीचा ट्यूनर तिथपर्यंत पोचतच नाही, तो त्याच्या खूप खाली शोधत बसतो. नऊशेच्या पुढचं घर पहिल्या शंभर घरांत शोधल्यासारखं.

मग आम्ही शेजारच्या केबलची वायर आणून बघितली, मुद्दाम, कारण बहिणीचं म्हणणं होतं की टीव्हीच्या मेनूत अँटेना आणि केबल असे दोन पर्याय आहेत तर केबलवर तरी चालेल. पुन्हा शून्य. टीव्हीच्या खोक्यावर क्वाम असं, म्हणजे केबलमधून सिग्नल पाठवायच्या एका रीतीचं नाव, लिहिलेलं होतं आणि आपल्या केबलमध्येही क्वामच वापरतात, नाव एकच. पण तिकडचा क्वाम ६ मेगाहर्ट्झच्या वाटेत आणि चुका सुधारायची त्याची रीत वेगळी, आपला ८ मेगाहर्ट्झचा आणि डीव्हीबीच्या रीतीचा. एका नावाचे दोन माणूस असतात ना गावात, तसं. आणि त्याच्याही पुढे कुलूप आहेच. केबल कायद्यात २०११ साली बदल झाला आणि २०१२ ते २०१७ या काळात देशभर टप्प्याटप्प्याने केबल डिजिटल केली गेली, तेव्हापासून केबलवरचे चॅनल कुलूपबंद येतात आणि किल्ली सेट टॉप बॉक्समध्ये असते. त्यामुळे वायर थेट टीव्हीत घालून चॅनल बघायचे ते दिवस गेले, मग टीव्ही अमेरिकेचा असो नाहीतर म्हापशाच्या दुकानातला.

आजी हे सगळं ऐकत बसली होती. ती म्हणाली, "पूर्वी तर पत्र्यावर अँटेना लावला की दूरदर्शन यायचं." यायचं खरं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, आणि पुढे कित्येक वर्षं दूरदर्शन हवेतून थेट घराघरांत पोचायचं. पण प्रसार भारतीने ते जमिनीवरचे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले, सीमाभागातली वगैरे मोजकी ठिकाणं सोडून. पाल पद्धतीचं दूरदर्शन हवेत होतं तेव्हा ते न दिसणं हा अमेरिकन टीव्हीचा मोठा तोटा होता, आज तसा राहिलेला नाही. आज गोव्यात बहुतेक घरांत ट्यूनर हा भाग असाच पडून असतो, अगदी इथे विकत घेतलेल्या टीव्हीतही, कारण चित्र बॉक्समधून एचडीएमआयने येतं आणि ट्यूनरच्या दारात कोणी जातच नाही.

म्हणून उपाय ट्यूनर बदलण्यात नाहीये. काही जण विचारतात की सॉफ्टवेअर अपडेट करून चालेल का किंवा बोर्ड बदलून. सिग्नल सोडवणारी चिप आणि तिच्या आधीचे फिल्टर हे हार्डवेअर आहे, अपडेटने ते येत नाही. काही मॉडेलांत सर्व्हिस मेनू नावाचा लपलेला मेनू असतो, त्यात देश बदलायची सोय दिसते आणि कोणीतरी व्हिडिओत करून दाखवलेलं असतं, पण तिथे चुकीचा आकडा पडला तर पडद्याचं चित्र उलटं येणं, रंग बिघडणं किंवा टीव्ही चालूच न होणं इथपर्यंत जातं. मी तो मेनू गिऱ्हाइकाच्या टीव्हीत चॅनलसाठी कधीही उघडत नाही. बोर्ड बदलायचा तर त्याच पडद्याला जुळणारा डीव्हीबीचा बोर्ड शोधावा लागतो, तो मिळेपर्यंत आणि बसवेपर्यंत जो खर्च होतो त्यात बॉक्स कितीतरी वेळा येतो.

तर डिशचा बॉक्स आणला, डिशची वायर बॉक्सला, बॉक्समधून एचडीएमआय टीव्हीला, टीव्हीच्या रिमोटवर इनपुट बदलून एचडीएमआय वन केलं. आणि पडद्यावर अक्षरं आली, Mode Not Supported. बहिणीचा चेहरा पडला. पण मला हे अपेक्षित होतं, आणि ज्यांना अमेरिकन टीव्हीचा खरा त्रास होतो तो इथेच होतो, ट्यूनरपाशी नाही.

एचडीएमआयमध्ये एटीएससी, डीव्हीबी असली भानगड नसते, तिथे सोडवलेलं तयार चित्र जातं. पण ते चित्र सेकंदाला किती वेळा बदलायचं हे मात्र ठरवावं लागतं. आपल्याकडे विजेची लय ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०, आणि टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात चित्राची गती विजेच्या लयीला धरून ठरवली गेली. तेव्हापासून आपल्याकडचं सगळं प्रसारण सेकंदाला ५० च्या हिशोबाने आणि त्यांचं ६० च्या. आपला बॉक्स कारखान्यातून येताना ५० वर लावलेला असतो. आखाती किंवा युरोपातले टीव्ही ५० आणि ६० दोन्ही घेतात, पण अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच टीव्हींना फक्त ६० कळतं, कारण तिथे ५० ची गरजच नाही. म्हणून तो संदेश, नाहीतर नुसता काळा पडदा, नाहीतर दर दोन सेकंदांनी चित्र येऊन जाणं. आवाज येतोय आणि चित्र नाही असंही होतं, तेव्हा लोक एचडीएमआयची वायर खराब समजून दोन-तीन वायरी बदलतात.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ५० चं ६० करायचं, एवढंच काम. पण बॉक्सचा मेनू त्याच पडद्यावर दिसणार ना जो काहीच दाखवत नाहीये. यावर दोन वाटा आहेत. काही बॉक्सच्या रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण असतं, ते एकेकदा दाबून प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबायचं, बॉक्स एकेक मोड फिरवत जातो आणि एखादा ६० चा मोड लागला की चित्र येतं. आमच्या बॉक्सला ते बटण नव्हतं, म्हणून दुसरी वाट, मी बॉक्स काखेत मारून शेजारी वहिनींकडे गेलो, त्यांच्या टीव्हीला लावला, सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट उघडलं तिथे 1080i 50Hz निवडलेलं होतं, त्याखाली 720p 60Hz आणि 1080p 60Hz हे पर्याय होते. मी आधी 720p 60Hz केलं कारण ते जवळजवळ प्रत्येक एचडी टीव्ही घेतो, सेव्ह केलं, बॉक्स बंद न करता आधी मेनूतून बाहेर आलो म्हणजे सेटिंग पक्कं बसलं, मग घरी आणून लावला. चित्र आलं. सह्याद्रीवर कुठलासा कार्यक्रम चालू होता, आजीने लगेच चष्मा मागितला. नंतर घरच्या टीव्हीवरच मेनू उघडून 1080p 60Hz केलं, तेही चाललं.

एक किंमत द्यावी लागते, ती सांगून ठेवतो. येणारं चित्र ५० चं आणि दाखवायचं ६० ने, म्हणजे बॉक्सला दर पाच चित्रांमागे एक चित्र परत दाखवावं लागतं. मालिका बघताना कळत नाही. पण बातम्यांखाली सरकणारी पट्टी असते ती नीट बघा, ती गुळगुळीत न सरकता बारीकशी अडखळत सरकते, आणि क्रिकेटमध्ये कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो तेव्हाही जाणवतं. हा टीव्हीचा दोष नाही आणि सेटिंगने पूर्ण जाणार नाही. टीव्हीला ५० कळत असेल तर ५० वरच ठेवावं, नसेल तर याच्याशी जमवून घ्यावं.

आणि बॉक्समध्ये ६० चा पर्यायच नसेल तर? काही स्वस्त किंवा जुन्या बॉक्सांत नसतो. तेव्हा बॉक्स बदलून बघणं सोपं पडतं. नाहीतर इंटरनेट बरं असेल तर टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी, ती ६० वर आरामात चालते आणि चॅनल अॅपमधून बघता येतात, दूरदर्शनचे सुद्धा, प्रसार भारतीचं वेव्हज अॅप २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या पणजीतल्या इफ्फीच्या उद्घाटनालाच सुरू झालं. टीव्ही स्मार्ट असला तरी मी स्टिक सांगतो कारण अमेरिकन टीव्हीच्या अॅप दुकानात आपल्याकडची अॅप बरेचदा सापडत नाहीत.

लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन पिनांची जुनी वायर लावून बघू नका असं म्हणणार नाही, पण काय दिसेल ते सांगतो. त्या पिवळ्या वायरीतून जातं ते जुन्या पाल पद्धतीचं चित्र, ६२५ ओळींचं, आणि अमेरिकन टीव्हीला तिथे एनटीएससी हवं असतं, ५२५ ओळींचं. रंगाची लहरसुद्धा वेगळ्या जागी, आपली ४.४३ मेगाहर्ट्झला आणि त्यांची ३.५८ ला. त्यामुळे चित्र काळं-पांढरं येतं आणि सिनेमाच्या रिळासारखं वर वर सरकत राहतं. असं चित्र दिसलं की समजायचं, पाल-एनटीएससीची गाठ पडलीय, आणि बॉक्सच्या मेनूत टीव्ही सिस्टीम पाल आहे ती एनटीएससी करून बघायची. पण एचडीएमआय असताना यात वेळ घालवू नये.

आता विजेचं, जे मी खरं तर सगळ्यात आधी बघतो. टीव्हीच्या मागे स्टिकर असतो. त्यावर AC 100-240V 50/60Hz लिहिलं असेल तर नुसती पिन बदलून आपल्या २३० व्होल्टवर खुशाल लावा. बहिणीच्या टीव्हीवर लिहिलं होतं AC 120V 60Hz आणि १४० वॅट. असा टीव्ही थेट भिंतीत लावला तर आतल्या पॉवर सप्लायला दुप्पट व्होल्टेज जातं, पहिल्या क्षणाला फ्यूज आणि त्याच्या शेजारचा संरक्षणाचा भाग उडतो, नशीब वाईट असेल तर मोठा कपॅसिटर फुटून बोर्डच जातो. प्रवासातला जो छोटा अॅडॉप्टर मिळतो तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज एक व्होल्टसुद्धा कमी करत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

भावोजींनी शहाणपणाने तिकडूनच एक ट्रान्सफॉर्मर आणला होता आणि टीव्ही त्याच्यावर लावला होता. मी त्याला हात लावला तर चटका बसला. उलटा करून वाचलं, १०० वॅटचा. १४० वॅटच्या टीव्हीला तो पुरणारच नव्हता, दोन दिवस जेमतेम अर्धा-पाऊण तास चालवला होता म्हणून टिकला, चवथीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत चालला असता तर वास सुटला असता. दुसऱ्या दिवशी मी ३०० वॅटचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. हिशोब सोपा, टीव्हीच्या स्टिकरवरच्या वॅटच्या निदान दुप्पट घ्यायचा, म्हणजे तो कोमट राहतो. टीव्ही जोडायच्या आधी मीटरने बघितलं, भिंतीत २३८ आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर ११४, छान. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, ५० हर्ट्झचं ६० करत नाही, पण टीव्हीच्या आतल्या सप्लायला त्याने फरक पडत नाही, तो आधी सगळ्याचं डीसी करून घेतो. बारीक गुणगुण ऐकू येते, ती चालते. फक्त हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर टीव्हीला लावू नका, ते विजेची लहर कापून व्होल्टेज कमी दाखवतात आणि टीव्हीच्या सप्लायला ते झेपत नाही.

आखातातून आणलेल्या टीव्हीचं यातलं बरंचसं नसतंच. गेल्या वर्षी पेडण्याला एकांनी मस्कतहून आणलेला टीव्ही लावायला बोलावलं होतं. वीज २२० ते २४०, पन्नासची लय, बॉक्स जोडला आणि चित्र आलं, दहा मिनिटांत काम झालं. त्यांनी माझ्या आधी केबल लावून सर्च केलं होतं तेव्हा टीव्हीने शून्य नाही, चांगले दोनशेच्या वर चॅनल शोधले होते, पण कुठलाही लावला की काळा पडदा आणि कोपऱ्यात Scrambled. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शून्य सापडले तर लिपी जुळत नाही, नाहीतर वायरीत सिग्नलच नाही. सापडले पण उघडत नाहीत, तर लिपी जुळली आणि कुलूप आड आलं. दुसऱ्या बाबतीत टीव्हीवर एक पैसा खर्च करू नका.

त्यांच्या टीव्हीच्या मागे दोन वायरींच्या जागा होत्या, एक अँटेनाची आणि दुसरी आट्यांची, आणि स्टिकरवर DVB-T2/C/S2 असं होतं. तो शेवटचा एस म्हणजे सॅटेलाइट, म्हणजे या टीव्हीत डिशचा ट्यूनर आहे आणि तो एलएनबीला वीजही देतो. डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतं आणि त्यावर पैसे भरायचे नसतात. त्यांच्या गच्चीवर फ्री डिशची डिश आधीच होती. वायर थेट त्या जागेत फिरवली, मेनूत सॅटेलाइट निवडून सर्च केलं आणि बॉक्सशिवाय, टीव्हीच्याच रिमोटवर चॅनल यायला लागले. बांदोड्याला भावोजींनी केलं होतं तेच, वायर तशीच, आटे तसेच, पण आत बसलेला ट्यूनर त्या लिपीचा होता.

बहिणीकडून निघताना मी शेवटचं काम केलं ते पिनेचं. अमेरिकन चपट्या पिनेला आपल्या भिंतीत जायला अॅडॉप्टर लागतो, आणि तिच्या घरात तसे चार पडलेले होते, चार्जरचे. मी पांढरी चिकटपट्टी घेऊन टीव्हीच्या वायरीला पिनेजवळ गुंडाळली आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "फक्त ११०" लिहिलं, ट्रान्सफॉर्मर टीव्हीच्या मागच्या कपाटात ठेवून पिन त्यात घातली, आणि ते चारही अॅडॉप्टर दुसऱ्या खोलीत न्यायला सांगितले. चवथीला माटोळी बांधायला आणि लाइटिंग करायला घरात दहा जण येणार, त्यातला कोणीतरी एक प्लग रिकामा करायला टीव्हीची पिन काढणार आणि जागा मिळेल तिथे परत लावणार, म्हणून.